नळाच्या पोटातली खाच

एक मिलिमीटरसुद्धा रुंद नाही ती. पितळेच्या गोल कडीवर, घड्याळात चारचा आकडा असतो साधारण तिथे, सुईने ओढावी तशी एक बारीक आडवी रेघ. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आरपार. मोबाइलच्या पडद्यावर ती दिसली तेव्हा मी बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकून बसले होते, एका हातात टॉर्च होता, आणि मी इतक्या जोरात "सापडली!" म्हणून ओरडले की स्वयंपाकघरातून सासूबाई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. मी त्यांनाही खाली बसवलं आणि दाखवली. आठ महिने आमच्या बादलीवरचा नळ ज्या रेघेतून गळत होता, ती ही रेघ!

आम्ही वागळे इस्टेटला राहतो, श्रीनगरच्या बाजूला, चार मजल्यांच्या जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. नळ गळतो ही तक्रार सोसायटीच्या वहीत दर महिन्याला असते आणि एवढ्याशा कामाला प्लंबर लवकर येत नाही. म्हणून कमिटीने ठरवलं की आपणच एक सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ करायचा, मराठीत, आपल्याच घरातला नळ उघडून. चित्रीकरण माझा भाचा करणार होता. संहिता लिहायचं काम मी मागून घेतलं. तोपर्यंत मी आयुष्यात नळाचा एक आटासुद्धा फिरवला नव्हता, आणि आता मी भेटेल त्याला नळाच्या पोटात काय असतं ते सांगत सुटले आहे.

लिहायला बसण्याआधी मला एक आकडा हवा होता. नळ किती गळतो? घरात भाचीच्या बाळाची दुधाची बाटली होती, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. ती नळाखाली धरली आणि घड्याळ लावलं. मिनिटाला चाळीस थेंब, आणि दहा मिनिटांत बाटलीत ६० मिलिलिटर. म्हणजे तासाला ३६० मिलिलिटर, दिवसाला साडेआठ लिटरच्या वर, महिन्याला जवळपास २६० लिटर! स्नानाच्या तेरा बादल्या, एका नळाच्या, एका घरातल्या. व्हिडिओचं पहिलं दृश्य तिथेच ठरलं: बाटली, थेंब आणि भिंतीवरचं घड्याळ.

पहिली संहिता मी एका संध्याकाळी लिहिली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे निवेदन. सुरुवात अशी होती:

दृश्य: पांढऱ्या फडक्यावर मांडलेली हत्यारं. कॅमेरा एकेका हत्याराच्या जवळ जातो.
निवेदन: हा चपटा स्क्रू-ड्रायव्हर, हा फुलीचा. हे दोन स्लाइड पाने. हा अर्ध्या इंची नळाचा वायसर. ही कापडाची चिंधी आणि हा टॉर्च. एवढंच लागतं.

दृश्य: गिझरचा स्विच बंद करणारा हात. मग कॉक फिरवणारा हात.
निवेदन: आधी गिझर बंद करा, मगच पाणी बंद करा. बेसिनखाली अँगल कॉक असतो, तो उजवीकडे फिरवून बंद होतो. बादलीवरच्या नळाला असा कॉक नसतो. त्याच्यासाठी बाथरूमच्या भिंतीतला किंवा गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व बंद करावा लागतो. गच्चीवरचा वॉल्व एका रांगेतल्या सगळ्या घरांचा असतो, म्हणून बंद करण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या घरात सांगून या.

गिझरचं वाक्य मी आधी शेवटी टाकलं होतं. मग नीट विचार केल्यावर ते सर्वांत वर आणलं. पाणी बंद आणि गिझर चालू राहिला, तर छोट्या गिझरची कॉइल कोरडी तापू शकते. शिवाय गरम पाण्याचा नळ उघडलेला असताना कोणी चुकून वॉल्व सोडला तर हात भाजतो. सुरक्षेची सूचना व्हिडिओच्या शेवटी देऊन काय उपयोग? माणूस पाहता पाहताच काम सुरू करतो. जिथे हात पुढे जाणार, त्याच्या आधीच्या वाक्यात ती हवी. उलट्या बादलीवर चढून काम करू नका, हेही म्हणून नळाच्या आधी आलं.

मग नळ पूर्ण उघडायचा. दोन कारणांसाठी: पाइपात उरलेलं पाणी निघून जातं, आणि आतला दांडा वर उचलला जाऊन वायसर मोकळा होतो. बंद ठेवून नळ खोलायला गेलं तर तो दांडा खाली दाबलेला असतो आणि पाना लावल्यावर सगळंच अडतं. त्यानंतर खालच्या मोरीच्या जाळीवर चिंधी. इथे भाच्याने फार सुंदर शॉट घेतला. चावीवरचं लाल बटण स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने उचकटलं, खालचा स्क्रू सुटला, हातातून निसटला आणि चिंधीवर अलगद येऊन थांबला. ठरवून घडलेलं नव्हतं, पण तो शॉट आम्ही ठेवला.

चावी निघाली, तिच्याखालची चकचकीत टोपी हातानेच सुटली, आणि आत षटकोनी नट दिसला. दोन पाने इथे लागतात, आणि या ठिकाणी मी संहितेत लाल शाईने चौकट केली आहे. एका पान्याने नळाचं अंग घट्ट धरायचं, तेही चिंधी गुंडाळून, आणि दुसऱ्या पान्याने वरचा नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर नट सुटण्याऐवजी आख्खा नळ भिंतीत फिरतो, आणि भिंतीतलं जुनं लोखंडी एल्बो गंजलेलं असेल तर ते तिथेच मोडतं. मग फरशा फोडण्याचं काम निघतं. नळ भिंतीत जरासाही हलताना दिसला तर तिथेच थांबायचं आणि प्लंबरला बोलवायचं. हे वाक्य व्हिडिओत दोनदा आहे.

आणि स्लाइड पान्याची एक गंमत मला कोणी आजवर का सांगितली नव्हती? त्याचा एक जबडा पक्का असतो, एक सरकता. जोर पक्क्या जबड्यावर यायला हवा, म्हणजे ज्या दिशेने फिरवायचं, सरकता जबडा त्या बाजूला ठेवायचा. उलटा धरला की सरकता जबडा ढिला पडतो, पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि आपली बोटं भिंतीवर आपटतात. हे क्लोज-अपमध्ये इतकं स्वच्छ दिसतं! लिहून चार ओळींत जे जमत नाही ते तीन सेकंदांत डोळ्यांना कळतं.

नट सुटला, दांडा बाहेर आला आणि त्याच्या टोकाला काळा रबरी वायसर होता, अगदी कडक झालेला. नवा लावला, सगळं उलट क्रमाने जोडलं, वॉल्व हळूहळू सोडला. थेंब थांबला! आम्ही टाळ्या वाजवल्या, भाच्याने शेवटचा शॉट घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाखाली पुन्हा पाणी. बाटली लावली. दहा मिनिटांत २० मिलिलिटर. कमी, पण गळतंच आहे.

तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हाक मारली. काका पस्तीस वर्षं इथल्याच एका शेडमध्ये टर्नर होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्यांची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या रोड नंबरांच्या गल्ल्यांतून लेथचा आवाज ऐकत काकांच्या नोकरीची वर्षं गेली. ते आले, नळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी कालच लावलेला नवा वायसर मागितला. तो उजेडात तिरका धरला आणि मला म्हणाले, "पोरी, हा बघ काय सांगतोय."

रबरावर गोल वळ उमटला होता, तो तर उमटणारच. पण त्या वळावर एका जागी केसाएवढा उंचवटा होता. एका रात्रीत रबर कुठेतरी आत शिरलं होतं आणि त्या जागेचा साचा घेऊन बाहेर आलं होतं.

"वायसर चांगलाच आहे," काका म्हणाले. "बैठकीला खाच आहे."

बैठक! हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नळाच्या पोटात जिथून पाणी वर येतं, त्या भोकाभोवती पितळेची एक उंच गोल कडी असते. दांडा खाली जातो तेव्हा वायसर या कडीवर टेकतो आणि पाणी अडतं. आपण ज्याला नळ बंद करणं म्हणतो ते सगळं एवढ्याशा कडीवर घडतं. या प्रकारचा नळ मुळात इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याचा, १८४५ च्या पेटंटचा. पावणेदोनशे वर्षांनंतरही आपल्या मोरीतल्या जुन्या नळाचं तत्त्व तेच आहे: स्क्रूने दांडा खाली दाबायचा आणि मऊ वायसर कडक कडीवर बसवायचा.

आम्ही बैठक शोधायला गेलो तर उघड्या डोळ्यांना ती गुळगुळीतच दिसली. मी टॉर्च सरळ आत धरला होता. काका म्हणाले, सरळ उजेडात खाच दिसत नाही, तिरका धर. टॉर्च नळाच्या कडेला जवळजवळ आडवा केला, भाच्याने मोबाइल दहा सेंटिमीटरवर आणून फोकस पक्का केला, आणि ती रेघ सावलीने उजळून वर आली. कापसाची काडी त्या कडीवरून फिरवली तर बरोबर तिथे दोन तंतू अडकले. मोबाइल नसेल तर कापूस पुरतो. बोट घालू नका, कड धारदार असते. हे काकांचं वाक्य, त्यांच्याच आवाजात व्हिडिओत आहे.

ही खाच पडते कशी, हे काकांनी सांगितलं तेव्हा मी वही टाकून नुसती ऐकत राहिले. टाकीतल्या पाण्यातून वाळूचा एखादा कण येतो आणि वायसर व बैठक यांच्यात सापडतो. नळ ठिबकायला लागतो. आपण काय करतो? चावी आणखी आवळतो. तो कण पितळेत रुततो आणि एक बारीक खड्डा करतो. आता तिथून पाण्याला चोरवाट मिळाली. गच्चीवरची टाकी आमच्या नळाच्या साधारण दहा मीटर वर आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलोचा दाब. एवढ्या दाबाचं पाणी केसाएवढ्या फटीतून रात्रंदिवस वेगाने जातं, बरोबर बारीक कण नेतं, आणि महिनोन्‌महिने पितळ खरवडत राहतं. थेंब स्वतःची वाट स्वतःच खोल करतो! आणि आपण रोज रात्री जास्त जोर लावून नवा वायसर त्या खाचेत चिरडतो. आठ महिने मी हेच केलं होतं. आमच्या घरात नळ "नीट" बंद करणं म्हणजे मनगट पिळून बंद करणं होतं.

"लेथवर आलं असतं तर एक फेसिंग मारली असती," काका म्हणाले. फेसिंग म्हणजे फिरत्या तुकड्याचं तोंड सपाट कापणं. नळ काही लेथवर येत नाही, भिंतीत बसलेला असतो. म्हणून कापणारं हत्यार नळात न्यायचं. ते घरी गेले आणि एक छोटं हत्यार घेऊन आले: सीट कटर. वर आडवी मूठ, मध्ये दांडा, त्यावर सरकणारा आट्यांचा शंकू, आणि खाली रुपयाच्या नाण्याहून लहान चकती, तिच्या तळाला दाते. त्यांनी ते नोकरीत असताना स्वतः घडवलं होतं; हार्डवेअरच्या दुकानात तयारही मिळतं. शंकू नळाच्या तोंडात बसला की दांडा मधोमध राहतो आणि चकती बैठकीवर सपाट टेकते. तिरकी टेकली तर बैठकही तिरकी कापली जाईल, म्हणून तो शंकू महत्त्वाचा.

संहितेतलं हे पान मी चार वेळा लिहिलं. आता ते असं आहे:

दृश्य: कटरचे दाते, अगदी जवळून. मग कटर नळात उतरतो. मूठ फिरवणारी दोन बोटं.
निवेदन: चष्मा घाला. मूठ दोन बोटांनीच फिरवा, वजन टाकू नका. तीन फेरे एकाच दिशेने. थांबा. बाहेर काढा. टॉर्च तिरका धरून बघा.

दृश्य: बैठक, तीन फेऱ्यांनंतर. अर्धी कडी चकचकीत, अर्धी काळपट.
निवेदन: चमकतंय तिथे दाते लागले. काळं आहे तो भाग अजून खोल आहे. आणखी तीन फेरे.

दृश्य: बैठक, नऊ फेऱ्यांनंतर. पूर्ण कडी एकसारखी चमकते.
निवेदन: खाच गेली. आता एक फेराही जास्त नको.

त्या चमकत्या कडीचा शॉट मी किती वेळा पाहिला असेल! काळ्या वर्तुळावर सोन्याची चंद्रकोर यावी, ती वाढत जावी आणि शेवटी पूर्ण कडी व्हावी. आणि डोळ्यांना दिसतं तेच मोजमाप आहे, दुसरं काही लागत नाही. बारा-पंधरा फेऱ्यांनंतरही काळी रेघ उरली तर खाच फार खोल आहे. तिथे कापत बसू नका, नळ बदला.

पितळेचा चुरा मात्र आत राहता कामा नये, नाहीतर तोच पुढचा कण होतो. नळाच्या उघड्या तोंडावर चिंधी धरून वॉल्व अगदी थोडा, पाव फेरा सोडायचा. पाणी उसळतं, चुरा बाहेर येतो, वॉल्व पुन्हा बंद. मग नवा वायसर, दांडा वर उचललेल्या स्थितीत बसवायचा, नट दोन पान्यांनी, चावी, स्क्रू, बटण.

चित्रीकरणात एका गोष्टीने आमचा आख्खा रविवार खाल्ला, आणि असा व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला ती सांगावीशी वाटते. पहिल्या चित्रणात कॅमेरा नळाच्या पलीकडे, खालून वर बघत होता. निवेदन म्हणत होतं "घड्याळाच्या उलट" आणि पडद्यावर पाना घड्याळाप्रमाणे फिरताना दिसत होता! खालून पाहिलं की दिशा उलटते. एका शॉटसाठी भाच्याने सेल्फी कॅमेरा वापरला होता, त्यात तर आरशासारखं डावं-उजवं बदललं होतं. बघणारा माणूस आधी डोळ्यांवर विश्वास ठेवतो, कानांवर नंतर. तो नट आणखी आवळून बसला असता. म्हणून सगळे पान्याचे शॉट आम्ही काम करणाऱ्याच्या खांद्यावरून, वरून खाली असे पुन्हा घेतले. आता पडद्यावर दिसतं तेच काम करताना बघणाऱ्यालाही दिसतं.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांसाठी हे लागू नाही. त्यांच्यात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि गळायला लागल्या की आख्खा स्पिंडल बदलावा लागतो. जुना काढून खिशात घालूनच दुकानात जा, कारण दिसायला सारखे असले तरी दात्यांची संख्या आणि उंची वेगळी निघते. आणि पाणी नळाच्या तोंडातून नाही तर चावीखालून, नळ चालू असतानाच झिरपत असेल, तर बैठकीचा संबंध नाही. ते वरच्या पॅकिंगचं काम.

या सगळ्यात मला सारखी आठवण येत होती आबिद सुरतींची. चित्रकार, लेखक, 'ढब्बूजी'चे जनक. मीरा रोडला, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात, २००७ पासून ते दर रविवारी एका प्लंबरला घेऊन घरोघरी जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. पहिल्या वर्षात १,६६६ घरं आणि ४१४ नळ. हा आकडा मी पूर्वी वाचला होता, पण आता एक नळ स्वतः उघडल्यावर तो मला वेगळाच दिसतो. चारशे चौदा वेळा कोणीतरी दार वाजवलं, कोणाच्या तरी मोरीत ओणवं झालं आणि तो थेंब थांबवला! आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत. पुढच्या रविवारपासून काका, भाचा आणि मी एकेका मजल्यावर जाणार आहोत. कटर एकच आहे, तो पुरतो.

आमच्या नळाखाली बाटली मी पुन्हा ठेवली होती. दहा मिनिटं, मग तास, मग पूर्ण रात्र. सकाळी ती कोरडी होती. आता आमच्या घरी तो नळ दोन बोटांनी बंद होतो, आणि सासूबाई पाहुण्यांना बाथरूम दाखवताना आवर्जून सांगतात की चावी आवळू नका.

तुमच्या घरी जुना, फिरवून बंद होणारा नळ असेल तर आज रात्री एवढंच करा: पाणी थांबलं की हातही तिथेच थांबवा. तरीही थेंब पडत असेल तर मनगटाचा जोर लावू नका, वॉल्व बंद करा, वायसर बाहेर काढा आणि तो उजेडात तिरका धरून बघा.